संख्या हातात की पत्त्यावर?

इंटेलच्या ८०८५ या आठ-बिटी मायक्रोप्रोसेसरला संख्या कुठून घ्यायची, हे प्रत्येक आज्ञेत सांगावं लागतं. ॲक्युम्युलेटर म्हणजेच A रजिस्टर भरण्याचे हे तीन मार्ग पाहा.

```
MVI A,50H
LDA 2050H
MOV A,M
```

पहिल्या आज्ञेत संख्या आज्ञेतच आहे; A मध्ये थेट 50H येते. दुसरीत पत्ता दिलाय. 2050H या जागी जे असेल, ते A मध्ये येतं. तिसरीत पत्ताही दिसत नाही. तो H आणि L या रजिस्टरांच्या जोडीत आधीच ठेवलेला असतो.

हा तिसरा मार्ग मला सर्वांत कामाचा वाटतो. ओळीने ठेवलेल्या दहा संख्यांची बेरीज करताना `INX H` ने पत्ता एकेक पुढे सरकवायचा. बाकी आज्ञा त्याच राहतात. `INX H` विसरलात, तर पहिलीच संख्या दहादा मिळवली जाते.

`LDA` मध्ये चूक वेगळी होते. किटवर ती `3A 50 20` अशी भरतात, कारण पत्त्याचा खालचा बाइट आधी येतो. `3A 20 50` भरलं, तर प्रोसेसर मुकाट्याने 5020H ची संख्या उचलतो. म्हणून उत्तर चुकलं, की आधी हे दोन बाइट तपासा.