तीन वर्षांच्या हाताची उंची

मुलीची खोली करायची ठरली तेव्हा ती नुकतीच तीन वर्षांची झाली होती, उंची 95 सेंटिमीटर. हार्डवेअरच्या दुकानात मला आधी दाखवले ते फुलपाखरं, मोटारी आणि हत्तीची नॉब. गोड दिसतात, पण पाच वर्षांनी तीच मुलगी त्यांच्याकडे बघून नाक मुरडणार हे उघड होतं. आमच्या सुतारकाकांनी मोजक्या शब्दांत निकाल लावला, "ताई, हँडल केव्हाही बदलता येतं. भोक बदलता येत नाही."

ते अगदी खरं आहे. सनमायका लावलेल्या शटरमध्ये एकदा भोक पडलं की ते बेमालूम बुजवता येत नाही. त्यामुळे हँडल निवडताना आधी बघायचं ते दोन स्क्रूंमधलं अंतर. बाजारात ती मापं ठरलेली असतात: 96, 128, 160 मिलिमीटर, म्हणजे 32च्या पटीत. 96मध्ये लहान मुलाचा हात आरामात मावतो, मोठ्या माणसाची चार बोटं मात्र दाटीवाटीने बसतात. ड्रॉवरला 128 घेतलं तर आज मुलीला चालतं, उद्याही चालतं, आणि चव बदलली की त्याच दोन भोकांत दुसऱ्या रूपाचं हँडल बसतं.

कपाटाच्या दाराला आम्ही उभं, लांब हँडल लावलं, 320 मिलिमीटरचं. जमिनीपासून 75 सेंटिमीटरवर ते सुरू होतं आणि 107च्या आसपास संपतं. मुलगी खालचं टोक धरून दार उघडायची, मी वरचं. ती वाढत गेली तशी तिची पकड आपोआप वर सरकली. हँडल तेच.

गोलाई कुठे हवी, हे मात्र दुकानातल्या प्रकाशात कळत नाही. नळीसारखं गोल हँडल हाताला मऊ लागतं, पण त्याची दोन्ही टोकं स्क्रूच्या पुढे मोकळी निघालेली असतात. दप्तराचा पट्टा, फ्रॉकची बाही, पळताना खांदा, सगळं तिथेच अडकतं. त्याऐवजी ज्याची टोकं वळून थेट शटरला मिळतात, असं हँडल घ्यावं. मग कापसाचा बोळा घेऊन आतल्या बाजूनेही फिरवावा. कापसाचे तंतू जिथे ओढले जातात तिथे ओतकामाची धार राहिलेली असते. वरून चकचकीत असलेली दोन हँडलं मी अशीच परत ठेवली.

एक गोष्ट सुतारालाही सांगावी लागते. हँडलबरोबर मिळणारा स्क्रू साधारण 18 मिलिमीटरच्या प्लायच्या हिशेबाने दिलेला असतो. ड्रॉवरला मात्र आतली पेटी आणि बाहेरची दर्शनी फळी मिळून जाडी 30 मिलिमीटरपर्यंत जाते. मग स्क्रू हँडलपर्यंत पोचतच नाही किंवा त्याचे जेमतेम एकदोन आटे आत जातात, आणि मूल ड्रॉवरला लोंबकळलं की तेवढे आटे झिजून हँडल हातात येतं. उलट स्क्रू गरजेपेक्षा लांब असेल तर तो हँडलच्या तळाला टेकतो आणि हँडल शटरला घट्ट बसतच नाही. हलवल्यावर टकटक आवाज आला की हेच झालेलं असतं. योग्य मापाचा स्क्रू दुकानात सुटा मिळतो.

खुंट्यांचं गणित जरा गमतीचं आहे. मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये बालगृह उघडलं आणि सामानसुमान मुलांच्या मापाचं केलं, तेव्हापासून "मुलांच्या उंचीवर" हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. पण मुलाच्या उंचीवर म्हणजे नेमकं कुठे? 95 सेंटिमीटरच्या मुलीचे डोळे जमिनीपासून 85वर असतात, आणि लोखंडी हूक तिथे लावला तर तो डोळ्याच्या रेषेत येतो. म्हणून खुंटी खांद्याच्या उंचीला, म्हणजे साधारण 75ला लावायची. हात सहज पोचतो आणि डोळा वर राहतो. खुंटी लाकडी आणि जाड हवी, टोक रुपयाच्या नाण्याहून मोठं आणि गोल. जागा दाराआडची किंवा कपाटाच्या कडेची, पळायच्या वाटेवरची नाही.

पण तिथे टांगलेला रेनकोट दरवर्षी लांब होत जातो आणि एका पावसाळ्यात जमिनीला लोळायला लागतो. दरवेळी भिंतीला नवीन भोकं पाडायची नव्हती, म्हणून काकांनी भिंतीवर एक उभी फळी ठोकली. तिच्यात 75 सेंटिमीटरपासून 150पर्यंत दर 15 सेंटिमीटरवर एक भोक पाडून मागून नट बसवले. खुंटीला बोल्ट. हाताने फिरवली की निघते, वरच्या भोकात बसते.

ही फळी भिंतीला कशी धरेल हे ड्रिलचा भुगा सांगतो. आधी प्लास्टरची राखाडी पूड येते, तिच्यावर जायचं नाही. त्यापुढे लाल भुगा आला तर विटेची भिंत. 8 मिलिमीटरचं भोक आणि 50 मिलिमीटरची गिट्टी पुरते, मात्र ती प्लास्टर ओलांडून विटेत गेली पाहिजे. पिठासारखा पांढरट भुगा सुटला तर ती हलक्या ब्लॉकची भिंत. तिथे ड्रिलचा ठोका बंद ठेवायचा आणि त्या ब्लॉकसाठीच मिळणारी लांब गिट्टी मागायची. नाहीतर दप्तराच्या वजनाने एक दिवस फळी गिट्टीसकट बाहेर येते.

आता स्टॉपर. बाल्कनीतून वारा आला की आमच्या घरातलं ते दार धाडकन आपटायचं. पहिल्यांदा मी स्प्रिंगचा स्टॉपर आणला, पुढे रबरी टोपी असलेला. दोन दिवसांत मुलीने ती टोपी काढून तोंडात घातली. तीन वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांच्या घशात अडकेल अशी कुठलीही सुटी टोपी त्या खोलीत नको. नंतर लावला तो एकसंध रबराचा स्टॉपर, दाराच्या मोकळ्या कडेपासून पाचेक सेंटिमीटर आत. बिजागरीजवळ लावला असता तर दार तरफेसारखं काम करून बिजागरीचे स्क्रू उपटत बसलं असतं. दार उघडं धरायला भिंतीशी चुंबक.

दाराच्या कडेवर बसणारा मऊ फोमचा तुकडाही मिळतो. तो कुलपाच्या बाजूला, मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर लावला की दार पूर्ण मिटत नाही आणि त्या बाजूची बोटं वाचतात. अनेकांना वाटतं की आता काळजी मिटली. पण बिजागरीकडे बघा: बाहेरची कड चार सेंटिमीटर उघडी राहिली तरी साडेतीन सेंटिमीटर जाडीच्या दाराची बिजागरीकडची फट दोन मिलिमीटरच्याही आत येते. बोट चिरडायला तेवढं पुरे. तिथे फोम कामाचा नाही. फट झाकणारी लवचीक प्लास्टिकची पट्टी लावावी लागते, जमिनीपासून निदान 120 सेंटिमीटरपर्यंत. ही एकच वस्तू आम्ही पुढे काढून टाकली. चुंबक आणि रबर अजून आहेत, कारण वारा काही मोठा झाला नाही.

मुलगी आता नऊ वर्षांची आहे. रेनकोटची खुंटी 105ला पोचली आहे. 75वरची आम्ही हलवलीच नाही. तिथे दप्तर असतं. खांद्यावरून उतरवलं की उचलावं न लागता तसंच अडकतं.