पाकिटामागचे कोष्टक – भाग ६ : बेरीज का जुळत नाही?

न्यू जर्सीहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. तिथल्या भारतीय दुकानातून त्यांनी शेंगदाण्याच्या चिक्कीची दोन वेगवेगळ्या उत्पादकांची पाकिटे आणली. अमेरिकेत विकायचा माल असल्यामुळे दोन्हींच्या मागे अमेरिकन पद्धतीचे पोषण-कोष्टक होते. पहिल्या चिक्कीच्या एका वडीत फॅट ५ ग्रॅम, कर्बोदके १३ ग्रॅम, प्रथिने ३ ग्रॅम आणि कॅलरी १२०. दुसरीत फॅट ६ ग्रॅम, कर्बोदके तेवढीच १३ ग्रॅम, प्रथिने ४ ग्रॅम आणि कॅलरी ११०. बाई विचारतात, “दुसऱ्या वडीत फॅटही जास्त आणि प्रथिनेही जास्त, मग कॅलरी कमी कशा? यातले कोणते पाकीट खोटे बोलते?”

प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून आजचा सगळा भाग त्यालाच दिला आहे.

मागच्या भागात पाहिलेले ४-४-९ चे गणित आठवा. प्रथिनांच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, कर्बोदकांच्या एका ग्रॅमला ४ आणि फॅटच्या एका ग्रॅमला ९. त्या हिशेबाने पहिल्या वडीत ४५ अधिक ५२ अधिक १२, म्हणजे १०९ कॅलरी होतात, पण पाकीट १२० सांगते. दुसऱ्या वडीत ५४ अधिक ५२ अधिक १६, म्हणजे १२२ होतात, आणि पाकीट ११० सांगते. एकीकडे ११ जास्त, दुसरीकडे १२ कमी. एवढे पाहून कोणालाही शंका येईल.

आता पाकिटावर छापण्याआधीचे आकडे कसे असू शकतात ते पाहू. समजा, प्रयोगशाळेत पहिल्या वडीत फॅट ५.४५ ग्रॅम, कर्बोदके १३.४ ग्रॅम आणि प्रथिने ३.४ ग्रॅम निघाली. यांच्या कॅलरी होतात ११६.२५. दुसऱ्या वडीत फॅट ५.५५, कर्बोदके १२.६ आणि प्रथिने ३.५५ ग्रॅम निघाली. यांच्या कॅलरी होतात ११४.५५. दोन वड्यांत खरा फरक दोन कॅलरींचाही नाही. शेंगदाणे चार इकडे, दोन तिकडे पडले तरी एवढा फरक एकाच कारखान्यातल्या दोन वड्यांत पडेल.

हे आकडे असेच्या असे छापता येत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमात प्रत्येक ओळीसाठी राउंडिंगची वेगळी रीत ठरलेली आहे. कॅलरी ५० पर्यंत असतील तर त्या जवळच्या पाचाच्या पटीत लिहायच्या, ५० च्या वर असतील तर जवळच्या दहाच्या पटीत. फॅट ५ ग्रॅमच्या खाली असेल तर अर्ध्या ग्रॅमच्या टप्प्याने, वर असेल तर पूर्ण ग्रॅममध्ये. कर्बोदके आणि प्रथिने पूर्ण ग्रॅममध्ये.

हे नियम आपल्या दोन वड्यांना लावा. पहिलीचे ५.४५ ग्रॅम फॅट खाली सरकून ५ होते, १३.४ चे १३ होतात, ३.४ चे ३ होतात. तिन्ही आकडे खाली आले. पण ११६.२५ कॅलरी ११५ च्या पुढे असल्यामुळे वर सरकून १२० होतात. दुसरीत उलटे घडते. ५.५५ चे ६, १२.६ चे १३, ३.५५ चे ४, म्हणजे तिन्ही आकडे वर गेले, आणि ११४.५५ कॅलरी ११५ च्या अलीकडे असल्यामुळे खाली येऊन ११० झाल्या. पत्रातले आकडे नेमके तयार झाले. दोन्ही उत्पादकांनी नियम पाळला आहे आणि कोणीही खोटे बोललेले नाही.

यात कळीची गोष्ट अशी की कॅलरी काढताना मूळचे, दशांश चिन्हासकटचे आकडे घेतले जातात. आधी फॅट-प्रथिनांचे आकडे सरळ करून मग त्यांची बेरीज केली, असे होत नाही. प्रत्येक ओळ आपापल्या मूळ आकड्यावरून स्वतंत्रपणे सरळ केली जाते. म्हणून छापलेल्या ओळींवरून छापलेल्या कॅलरी परत काढायला गेलो की वाट चुकते. वाण्याने प्रत्येक जिनसाची किंमत रुपयांत लिहिली, पण एकूण बिल पैशांपासून जोडून शेवटी दहाच्या नोटेत सरळ केले, तर चिठ्ठीवरची बेरीज जशी जुळणार नाही, तसेच हे.

मग प्रश्न उरतो की तफावत किती असली तर राउंडिंगवर सोडून द्यायची आणि किती असली तर दुसरे कारण शोधायचे. हे मोजता येते, आणि माझ्या मते लेबल वाचणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी हीच गोष्ट आहे. पूर्ण ग्रॅममध्ये लिहिलेल्या फॅटची चूक जास्तीत जास्त अर्ध्या ग्रॅमची, म्हणजे साडेचार कॅलरींची. कर्बोदकांची अर्ध्या ग्रॅमची, म्हणजे दोन कॅलरींची. प्रथिनांचीही दोन. आणि खुद्द कॅलरींचा आकडा दहाच्या पटीत लिहिलेला, म्हणजे त्यात पाच. सगळ्या चुका एकाच दिशेला पडल्या तरी एकूण साडेतेरा. म्हणून एका सर्व्हिंगमागे १३-१४ कॅलरींपर्यंतचा फरक निव्वळ राउंडिंगचा असू शकतो. त्याहून मोठा फरक दिसला तर राउंडिंगला दोष देऊन चालणार नाही.

आकडे लहान असतात तिथे मात्र राउंडिंग फार मोठे रूप घेते, कारण तिथे सरळ शून्यच लिहिता येते. पाचपेक्षा कमी कॅलरी असतील तर शून्य, अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी फॅट असेल तर शून्य. तव्याला तेल लावायच्या स्प्रेचा डबा घ्या. आत प्रामुख्याने तेलच असते. अमेरिकेत त्याचे एक सर्व्हिंग म्हणजे पाव सेकंदाचा फवारा, साधारण पाव ग्रॅम. पाव ग्रॅम फॅट अर्ध्या ग्रॅमच्या आत म्हणून शून्य, आणि सव्वादोन कॅलरी पाचच्या आत म्हणून त्याही शून्य. तव्यावर पाव सेकंद कोण फवारते? डोशाआधी चार सेकंद बटण दाबले तर ती सोळा सर्व्हिंग झाली, म्हणजे ४ ग्रॅम तेल आणि ३६ कॅलरी. सोळा वेळा शून्य मिळवून छत्तीस येतात, ते यामुळे. कृत्रिम गोडव्याच्या एक ग्रॅमच्या पुडीचेही तसेच. गोडवा देणारे द्रव्य तिच्यात कणभर, बाकी डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिनची भर, आणि ती भर कर्बोदकच आहे. एका पुडीत चार कॅलरींच्या आतच भरतात म्हणून शून्य. दिवसाला एक-दोन पुड्या घेणाऱ्याला काही फरक पडत नाही, पण पातेलंभर खिरीत वीस पुड्या ओतणाऱ्याने वीस वेळा शून्य धरू नये.

हे लपलेले शून्य कधी कधी त्याच पाकिटावर उघडे पडते. २०१६ मध्ये ठरलेल्या नव्या कोष्टकानुसार दोन ते तीन सर्व्हिंगच्या पाकिटांवर दोन रकाने द्यावे लागतात, एक सर्व्हिंगचा आणि एक अख्ख्या पाकिटाचा. सर्व्हिंगला ०.४ ग्रॅम फॅट असेल तर पहिल्या रकान्यात ० दिसते. तीन सर्व्हिंगच्या अख्ख्या पाकिटात १.२ ग्रॅम होतात आणि दुसऱ्या रकान्यात १ ग्रॅम दिसतो. असे पाकीट हाती आले तर नेहमी मोठ्या रकान्यावरून हिशेब करा. मोठ्या आकड्यात राउंडिंगची चूक प्रमाणाने लहान होते.

आता चौदाच्या पलीकडच्या तफावतीकडे येऊ. जिममध्ये जाणाऱ्या मुलांच्या हातात दिसतात तसला एक प्रोटीन बार घ्या. फॅट ८ ग्रॅम, कर्बोदके २२, प्रथिने २०. ४-४-९ ने हिशेब केला तर २४० कॅलरी होतात, पाकीट मात्र १९० सांगते. पन्नासाचा फरक राउंडिंगने पडत नाही. मग कर्बोदकांच्या खालच्या ओळी वाचा. २२ पैकी १४ ग्रॅम विद्राव्य तंतू आहेत आणि ५ ग्रॅम एरिथ्रिटॉल. विद्राव्य तंतूंना ग्रॅमला ४ ऐवजी २ कॅलरी धरायची नियमात सोय आहे, त्यामुळे २८ वजा झाल्या. एरिथ्रिटॉल शरीरात जाऊन जवळजवळ तसेच बाहेर पडते म्हणून त्याला शून्य धरतात, त्यामुळे आणखी २० वजा झाल्या. उरल्या १९२, आणि दहाच्या पटीत १९०. फरकाची एक एक कॅलरी सापडली. इथे साखर-अल्कोहोलांचे सगळे प्रकार सारखे धरू नका. माल्टिटॉलला ग्रॅमला २.१ कॅलरी धरतात आणि सॉर्बिटॉलला २.६, म्हणून घटकांच्या यादीत नेमके नाव पाहावे लागते.

सुकामेव्यात आणखी एक कारण भेटते. ४-४-९ हे विल्बर ॲटवॉटर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या एकोणिसाव्या शतकाअखेरच्या प्रयोगांतून आलेले सरासरी आकडे आहेत. प्रत्येक पदार्थासाठी वेगळे, अधिक नेमके आकडेही उपलब्ध आहेत आणि उत्पादक ते वापरू शकतो. कवचाच्या फळांतल्या फॅटला त्या तक्त्यात ९ ऐवजी ८.३७ कॅलरी धरल्या आहेत. म्हणून बदामाच्या पाकिटावरच्या कॅलरी आपल्या हिशेबापेक्षा बऱ्याचदा कमी दिसतात.

भारतातल्या वाचकांना यातला बराचसा त्रास कमी होतो, कारण आपल्याकडे कोष्टक सहसा १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरच्या हिशेबाने द्यावे लागते. पाव ग्रॅमच्या सर्व्हिंगमागे शून्य लपवायला तिथे जागा राहत नाही. १०० ग्रॅम तेलाच्या स्प्रेमध्ये किती फॅट आहे ते लिहावेच लागेल.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना एवढेच सांगतो की त्या दोन चिक्क्या कॅलरींच्या दृष्टीने एकच समजा आणि चवीने आवडेल ती घ्या. बाकी वाचकांना विनंती आहे. घरातले एखादे पाकीट घ्या आणि ४-४-९ लावून पाहा. तफावत चौदाच्या वर निघाली आणि तंतू, साखर-अल्कोहोल किंवा सुकामेवा यांपैकी कोणत्याच कारणात ती बसली नाही, तर घटकांच्या यादीसकट कोष्टकाचा स्पष्ट फोटो पाठवा. पुढच्या आठवड्यात त्यातलेच एक कोष्टक ओळीने सोडवू.