झारा हातात, फोन ओट्यावर

दिवाळीच्या तोंडावर घरगुती फराळ विकणाऱ्यांचे हात पिठात असतात आणि फोन सतत वाजत असतो. प्रत्येक मेसेजला लगेच उत्तर द्यायला गेलं तर तेलात चकल्या करपतात. नाही दिलं, तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं. म्हणून आपल्याला झेपेल अशी वेळ आधी ठरवावी आणि ती गिऱ्हाइकाला कळवावी.

सगळ्या मेसेजना एकच नियम लावू नये. तक्रार आली तर अर्ध्या तासात उत्तर, भाव किंवा ऑर्डरची चौकशी असेल तर दोन तासांत, आणि नुसत्या कौतुकाच्या कमेंटला रात्रीपर्यंत, एवढी विभागणी पुरते. त्यासाठी फोन दर अर्ध्या तासाने, एक घाणा उतरला की, फक्त चाळायचा. तक्रार दिसली तर तेवढीच हाताळायची, बाकीची उत्तरं दोन-दोन तासांनी एकत्र द्यायची. इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसाचा मेसेज बऱ्याचदा ‘रिक्वेस्ट’मध्ये जाऊन पडतो, तोही कप्पा दिवसातून दोनदा उघडावा.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कामाच्या वेळेबाहेर आपोआप जाणारा ‘अवे मेसेज’ लावता येतो. त्यात ‘लवकरच संपर्क करू’ असं मोघम लिहू नये. ‘आम्ही सकाळी दहा ते संध्याकाळी सात उत्तर देतो. तुमचा निरोप मिळाला, उद्या अकराच्या आत कळवतो,’ असं लिहावं. मात्र हा मेसेज म्हणजे फक्त पोच. अकराच्या आत खरं उत्तर गेलंच पाहिजे.

आता बोलण्याची तऱ्हा. कमेंटमध्ये कुणी भाव विचारला की ‘डीएम करा’ एवढंच लिहिलेलं लोकांना आवडत नाही. भाव तिथेच सांगावा, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही तो कळतो. पत्ता आणि फोन नंबर मात्र खासगी मेसेजमध्येच मागावा.

समजा, कुणी सगळ्यांसमोर लिहिलं, ‘चकल्यांचा चुरा आला, पैसे वाया गेले.’ ‘आम्ही तर नीट पॅक केलं होतं’ हे उत्तर म्हणजे भांडणाला आमंत्रण. त्याऐवजी लिहावं, ‘ताई, सणाचा डबा असा पोचला याचं वाईट वाटलं. फोटो आणि ऑर्डरचं नाव मेसेजमध्ये पाठवा, आज संध्याकाळपर्यंत नवा डबा की पैसे परत, ते ठरवू.’ यात दिलगिरी आहे, पुढचं पाऊल आहे आणि वेळही आहे. प्रश्न मिटल्यावर त्याच कमेंटखाली ‘नवा डबा पाठवला आहे’ अशी एक ओळ टाकावी. कमेंट पुसून टाकली, तर तक्रार पुन्हा आणि जास्त रागाने येते.

दर आठवड्याला जुने मेसेज चाळून पाहावेत. एकाच गिऱ्हाइकाने ‘आहात का?’ असं पुन्हा विचारलेलं बऱ्याच ठिकाणी दिसलं, तर ठरवलेली वेळ पाळली जात नाही किंवा ती गिऱ्हाइकाला माहीतच नाही. झेपत नसेल तर दोन तासांचे चार तास करा, पण सांगितलेली वेळ चुकवू नका.