चिआंग मायमध्ये वाटण कोण वाटतं?

थायलंडच्या उत्तरेतलं चिआंग माय हे सुट्टीत स्वयंपाक शिकायला जाणाऱ्यांचं जुनं ठिकाण. शहराच्या जुन्या भागात आणि आसपासच्या शेतांवर असे कितीतरी वर्ग चालतात. दिवसभराच्या वर्गाला माणशी साधारण हजार ते दीड हजार बाट पडतात. बहुतेकांचा क्रम सारखाच असतो: सकाळी हॉटेलवरून गाडी नेते, मग बाजाराची फेरी, मग प्रत्येकाला स्वतःची शेगडी, पाच-सहा पदार्थ आणि शेवटी पाककृतींची पुस्तिका. जाहिराती वाचून यातला बरा कोणता ते कळत नाही. यादीतले पदार्थ आणि वाटण कोण वाटतं, या दोन गोष्टी विचारल्या की बरंचसं कळतं.

आधी यादी. त्यात पॅड थाय, ग्रीन करी, टॉम यम आणि आंबा-भात एवढंच असेल तर तो वर्ग बँकॉकमध्येही करता आला असता. चिआंग माय ही १२९६ साली वसवलेली लान्ना राज्याची राजधानी. पुढे दोनशेहून अधिक वर्षं तिच्यावर ब्रह्मी सत्ता होती आणि युनानमधून व्यापारी तांडे येत राहिले. त्यामुळे इथलं जेवण मध्य थायलंडपेक्षा वेगळं आहे. नारळ कमी, आमट्या पातळ, भात चिकट आणि हाताने खायचा. ब्रह्मदेशातून आलेल्या ‘कँग हांग ले’ या डुकराच्या मांसाच्या रश्शात आलं आणि चिंच असते, शिवाय आपल्या गरम मसाल्यासारखी पूड पडते. असा रस्सा मंद आचेवर दोन तास तरी शिजावा लागतो. एका दिवसात सहा पदार्थ उरकायचे असले की तो यादीतून गळतो आणि पाच मिनिटांत होणारी परतलेली भाजी आत येते. म्हणजे पदार्थांची संख्या जास्त असणं हे मला तरी वाईट लक्षण वाटतं.

आता वाटण. इथे ते दगडी खलात कुटतात आणि क्रम ठरलेला असतो. भिजवलेल्या सुक्या मिरच्या आणि मीठ आधी, मग गवती चहाचे बुडखे आणि गलंगल यांसारखे चिवट जिन्नस, कांदा-लसूण नंतर आणि कोळंबीची आंबवलेली चटणी सगळ्यात शेवटी. ओलं आधी टाकलं तर मिरची खलात नुसती घसरत राहते, कुटली जात नाही. चांगलं वाटण व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि दंड भरून येतो. बऱ्याच वर्गांत हे काम आधीच उरकलेलं असतं. विद्यार्थ्यापुढे वाटीत चमचाभर वाटण येतं, तो ते तेलात टाकतो आणि फोटो काढतो.

‘खाव सोई’ हा इथला सर्वांत प्रसिद्ध पदार्थ घेतला तर फरक दिसतो. युनानी मुसलमान व्यापाऱ्यांशी त्याचं नाव जोडलेलं आहे. चार माणसांसाठी पाच-सहा सुक्या मिरच्या, चार-पाच छोटे कांदे, सहा पाकळ्या लसूण, अंगठ्याएवढं आलं, तेवढीच ओली हळद, चमचाभर धणे आणि मसाला वेलचीच्या जातीची एक मोठी वेलची घ्यायची. हे सगळं भाजायचं आणि मग कुटायचं. नारळाच्या दुधाची वरची साय कढईत आटवत राहिलं की ती फुटून तेल सुटतं. त्या तेलात वाटण परतायचं, कोंबडीच्या तंगड्या घालायच्या आणि उरलेलं दूध ओतून शिजवायचं. वाढताना खाली उकडलेले अंड्याचे नूडल्स, वर तेच कुरकुरीत तळलेले, शेजारी मोहरीच्या पाल्याचं लोणचं, कच्चा कांदा आणि लिंबू.

यातली साय फुटण्याची पायरीच नेमकी हुकते. डब्यातल्या अनेक नारळदुधांत साय आणि पाणी वेगळं होऊ नये म्हणून एक घटक घातलेला असतो. ते कितीही आटवलं तरी तेल सुटत नाही, रस्सा एकसारखा पांढुरका राहतो आणि वाटणाचा कच्चा वास जात नाही. तयार खाव सोईवर लालसर तवंग नसेल तर बहुधा इथेच चुकलं आहे. नारळ ताजा खवून पिळणारा वर्ग म्हणूनच जास्त पैशांना महाग नाही.

बाजाराच्या फेरीलाही एक प्रश्न पुरतो: आजच्या स्वयंपाकाचा माल आपण इथूनच घेणार का? स्वयंपाकघरात सगळं आधीच मोजून ठेवलेलं असेल तर फेरी म्हणजे पंधरा मिनिटांचं प्रदर्शन असतं. दुपारच्या वर्गात तर बाजाराचा भर ओसरलेला असतो. खरा बाजार पहाटे भरतो. नदीकाठच्या मुआंग माय बाजारात घाऊक भाजी उतरते आणि जवळच्या वारोरोत बाजारात लान्ना जिन्नस सापडतात. शुक्रवारी सकाळी बान हो मशिदीजवळ युनानी आणि शान लोकांचा छोटा बाजार लागतो, तो चुकवू नये. उत्तरेच्या मसाल्यांत ‘माखाएन’ नावाची काळसर, चिरलेली फळं दिसतील. जीभ किंचित बधिर करणारा तो वास कोकणी माणसाला लगेच ओळखू येईल, कारण तो आपल्या तिरफळाचाच गोत्रज आहे. ‘नाम प्रिक नुम’ म्हणजे भाजलेल्या हिरव्या मिरच्या, कांदा आणि लसूण खलात चेचून केलेला प्रकार. ठेचा खाणाऱ्याला तो शिकवावा लागत नाही, फक्त बहुधा त्यात माशांचा अर्क असतो एवढं ध्यानात ठेवायचं.

शाकाहारी मंडळींची खरी अडचण हीच. मांस वगळणं सोपं आहे, पण माशांचा अर्क, कोळंबीची चटणी आणि कालवांचा सॉस जवळपास प्रत्येक पदार्थात लपलेले असतात. तयार वाटणात कोळंबी बहुधा असतेच, म्हणून शाकाहाऱ्याने स्वतः वाटण वाटण्याचा आग्रह धरावा. त्यात कोळंबीच्या जागी ‘थुआ नाओ’ मागावं. सोयाबीन आंबवून, चकत्या थापून वाळवलेला हा जिन्नस शान लोक पूर्वीपासून वापरतात, त्यामुळे चवीत काही खोटं होत नाही. कांदा-लसूणही चालत नसेल तर ‘जे’ असं सांगावं. त्या पथ्यात मांसमच्छीबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो. मात्र वाटणाचा मोठा भाग त्यांचाच असल्याने असा वर्ग आधी कळवून ठरवावा लागतो.

मुक्काम किती दिवसांचा हवा, हे चिकट भाताला विचारावं. तो रात्रभर भिजतो आणि सकाळी बांबूच्या टोपलीत वाफवला जातो. म्हणून एका दिवसाच्या वर्गात तो शिजलेलाच समोर येतो. सलग तीन दिवसांचा वर्ग घेतला तर पहिल्या संध्याकाळी तांदूळ भिजत घालता येतो, दुसऱ्या दिवशी पहाटेचा बाजार आणि नाम प्रिक नुम होतो, तिसऱ्या दिवशी निवांत खाव सोई किंवा हांग ले शिजवता येतो. मधल्या जेवणांना बाहेरच्या टपरीवर तोच पदार्थ खावा. आपल्या रश्शात काय कमी पडलं ते तिथे समजतं. वर्गात आठ-दहांहून जास्त माणसं असतील तर मास्तरांना प्रत्येकाची कढई चाखायला सवड राहत नाही, आणि चव सुधारायची ती तिथेच.

शेवटची गोष्ट तारखांची. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगलं जाळल्याने शहरावर धूर साचतो. डोळे चुरचुरतात, दमा असलेल्यांना त्रास होतो आणि शेतावरच्या उघड्या स्वयंपाकघरात दिवस काढणं कठीण जातं. आपल्याकडच्या परीक्षा संपल्या की निघणाऱ्या कुटुंबांना एप्रिलचा मुहूर्त सोयीचा वाटतो, पण तिथली हवा त्या वेळी सर्वांत वाईट असू शकते. नोव्हेंबर ते जानेवारी थंड आणि कोरडं असतं. दिवाळीची सुट्टी त्या सुमारास येत असेल तर तीच धरावी.