फोटोतल्या मॅट्रिक्सची आयगेनमूल्ये

पुस्तकाच्या पानाचा फोटो समोर आहे आणि त्यात दोन ओळी व दोन स्तंभांचा एक मॅट्रिक्स छापलेला आहे:

```
4  1
2  3
```

या मॅट्रिक्सने (1, 0) या सदिशाला गुणले की (4, 2) मिळतो, म्हणजे सदिशाची दिशा बदलते. (1, 1) ला गुणले तर मात्र (5, 5) येतो. दिशा तीच राहते, फक्त लांबी पाचपट होते. अशा दिशा न बदलणाऱ्या सदिशाला आयगेनसदिश म्हणतात आणि ज्या पटीने तो ताणला किंवा आखडला जातो ती पट म्हणजे आयगेनमूल्य. ते λ या अक्षराने दाखवतात.

अंदाजाने असे सदिश शोधणे नेहमी जमत नाही. म्हणून मॅट्रिक्सच्या कर्णावरील प्रत्येक संख्येतून λ वजा करतात:

```
4−λ   1
 2   3−λ
```

या नव्या मॅट्रिक्सने आयगेनसदिशाला गुणले की उत्तर शून्य यायला हवे. त्यातून x आणि y ची दोन समीकरणे मिळतात. x = 0, y = 0 हे उत्तर त्यांना नेहमीच लागू पडते, पण शून्य सदिशाला दिशाच नसल्यामुळे तो आयगेनसदिश धरत नाहीत. दुसरे उत्तर मिळायचे तर दोन्ही समीकरणे मुळात एकच रेषा सांगणारी असावी लागतात, आणि तसे तेव्हाच घडते जेव्हा या मॅट्रिक्सचा निश्चयक शून्य असतो. दहावीत क्रेमरच्या पद्धतीत निश्चयक शून्य आला की पद्धत अडते. इथे नेमकी तीच स्थिती हवी असते.

निश्चयक उलगडला की (4−λ)(3−λ) − 2, म्हणजे λ² − 7λ + 10 मिळते. हीच लाक्षणिक बहुपदी. तिचे अवयव (λ−5)(λ−2) असल्याने आयगेनमूल्ये 5 आणि 2 आहेत. λ = 5 ठेवल्यास पहिले समीकरण −x + y = 0 आणि दुसरे 2x − 2y = 0 होते. दोन्हींचा अर्थ x = y, म्हणून सदिश (1, 1). λ = 2 ठेवल्यास 2x + y = 0 हे समीकरण मिळते, म्हणून सदिश (1, −2). या सदिशांना कोणत्याही शून्येतर संख्येने गुणले तरी चालते. त्यामुळे पुस्तकातले उत्तर (−1, 2) असेल तर ते वेगळे उत्तर समजू नये. समीकरणांतून फक्त x = 0, y = 0 निघाले, तर मात्र λ काढतानाच चूक झालेली असते.

पडताळा सोपा आहे. आयगेनमूल्यांची बेरीज कर्णावरील संख्यांच्या बेरजेइतकी, म्हणजे 4 + 3 = 7, आणि गुणाकार निश्चयकाइतका, म्हणजे 12 − 2 = 10 यायला हवा. पण हा पडताळा आकडेमोडीपुरता आहे, फोटो बरोबर वाचला की नाही हे तो सांगत नाही. समजा, पुसट फोटोत वरच्या ओळीतला 1 हा 7 वाचला गेला. मग बहुपदी λ² − 7λ − 2 होते आणि मुळे साधारण 7.27 व −0.27 येतात. बेरीज तरीही 7 येते आणि गुणाकारही चुकीच्या मॅट्रिक्सच्या निश्चयकाशी, −2 शी, जुळतो. पाठ्यपुस्तकातल्या छोट्या उदाहरणात अशी आडवळणी मुळे दिसली की फोटो पुन्हा पाहावा. अर्थात ती चुकीचा पुरावा नव्हेत; काही उदाहरणांची खरी उत्तरेच तशी असतात.

याहून फसवी चूक म्हणजे ओळी स्तंभ म्हणून उतरवणे. तेव्हा 1 आणि 2 यांची अदलाबदल होते. कर्ण तोच आणि निश्चयकही तोच राहतो, म्हणून आयगेनमूल्ये 5 आणि 2 अशी अगदी बरोबर येतात. सदिश मात्र (2, 1) आणि (1, −1) असे निघतात. मूळ मॅट्रिक्सने (2, 1) ला गुणले तर (9, 7) येतो, जो (2, 1) च्या दिशेत नाही. म्हणून शेवटचा गुणाकार आपल्या वहीतल्या नव्हे, फोटोतल्या संख्यांशी करावा. संख्यांपुढची वजाची पुसट चिन्हेही त्याच वेळी एकेक करून तपासावीत.

तीन ओळींच्या मॅट्रिक्सला हीच रीत लागू पडते, फक्त बहुपदी तीन घातांची होते आणि एखादे मूळ अदमासाने शोधावे लागते. पाच किंवा अधिक घातांच्या बहुपदीची मुळे काढणारे मूलचिन्हांचे सर्वसाधारण सूत्र नाही, हे आबेलने 1824 मध्ये सिद्ध केले. त्यामुळे मोठ्या मॅट्रिक्ससाठी संगणक बहुपदी न काढता, मॅट्रिक्सवर टप्प्याटप्प्याने क्रिया करत आयगेनमूल्यांच्या जवळ जातो.