नव्या बुटांनी तळव्यास येणारे फोड

जून महिन्यात शाळा उघडतात आणि मुलांच्या पायांत नवे बूट येतात. पहिल्या आठवड्यातच काही मुले लंगडत वर्गात शिरू लागतात. सांगवीच्या एका शाळेतील इयत्ता चौथीच्या मुलाचे उदाहरण घेऊ. ‘पाय वाढता आहे’ म्हणून पालकांनी त्याला दोन बोटे मोठा बूट घेतला होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या उजव्या चवड्याखाली रुपयाएवढा फोड आला.

घट्ट बूट चावतो हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु सैल बूटही तितकाच चावतो. पाऊल पुढेमागे सरकते, कातडी बुटाच्या तळाला चिकटून राहते आणि आतील हाड मात्र हलते. या ओढाताणीत कातडीचे वरचे थर एकमेकांपासून सुटतात व त्या पोकळीत स्वच्छ पाणी साठते. पावसाने मोजे ओले झाले की घर्षण वाढते. फोड येण्यापूर्वी त्या जागी आग होते. त्याच वेळी बूट काढून कोरडे मोजे घालावेत व तेथे चिकटपट्टी लावावी, म्हणजे पुढचे बहुधा टळते.

फोड फोडावा काय, हा प्रश्न पालक हटकून विचारतात. फोड लहान असून दुखत नसेल तर फोडू नये. वरची कातडी हेच त्याचे उत्तम आच्छादन होय. ती शाबूत असेपर्यंत जंतू आत शिरत नाहीत. जाड कापडाच्या चकतीला मधोमध भोक पाडून ती फोडाभोवती बसवावी, म्हणजे भार कडेवर पडतो.

वरील मुलाचा फोड मात्र टरटरून फुगला होता व त्याला पाऊल टेकवत नव्हते. असा फोड रिकामा करणे इष्ट असते. हे काम शिक्षकाने वर्गात न करता आरोग्य केंद्रात करवून घ्यावे. तेथे पाय साबणाने धुऊन निर्जंतुक सुईने फोडाच्या कडेला दोनतीन छिद्रे पाडतात व पाणी हलकेच दाबून काढतात. वरची कातडी कापीत नाहीत. मग व्हॅसलीन लावून स्वच्छ पट्टी बांधतात. पहिल्या दिवसात पाणी पुन्हा भरू शकते. तसे झाल्यास तीच कृती पुन्हा करावी लागते. पट्टी रोज, तसेच भिजताच, बदलावी. साधारण आठवड्यात खाली नवी कातडी येते.

रक्ताने भरलेला फोड फोडू नये. मधुमेह असलेल्या मुलाचा कोणताही फोड प्रथम डॉक्टरांना दाखवावा. पू, पसरत जाणारी लाली, वाढता ठणका, पायावर चढणारी तांबडी रेघ किंवा ताप दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बूट संध्याकाळी, मोजे घालून व उभे राहून मापावा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा पुरे. मोठा बूट आधीच घेतला असल्यास आत जाड तळपट्टी घालून नाडी आवळून बांधावी. त्या मुलाला हाच उपाय लागू पडला.