पहिला वाढदिवस, जमिनीवरून बघितलेला

माझ्या भाचीचा पहिला वाढदिवस गुरुवारी होता आणि समारंभ त्याआधीच्या रविवारी. पंचवीस पाहुणे, दोन खोल्यांचं घर. केकची ऑर्डर द्यायला बहिणीने फोन केला, तेव्हा घरगुती केक करणाऱ्या ताई मोठ्या आपुलकीने म्हणाल्या, ‘‘बाळासाठी आहे ना? मग साखर घालतच नाही, मधाचा करते.’’ बहीण हो म्हणणार इतक्यात मी तिचा हात धरला.

आपल्याकडे मधाची ओळख बाळाला फार लवकर होते. जन्मल्यावर मधाचं बोट चाटवतात, गुटी मधात उगाळतात. त्यामुळे ‘मध नको’ म्हटलं की घरातल्या मोठ्यांना दुखावल्यासारखं वाटतं. पण कारण एकदा समजलं की वाद उरत नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात आधीपासून वस्तीला असलेले जंतू त्यांना रुजू देत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ही वस्ती पुरती बसलेली नसते. तिथे बीजाणू रुजतात, विष तयार करतात आणि ते विष स्नायूंना लुळं करतं. सुरुवात बहुधा बद्धकोष्ठाने होते. मग रडण्याचा आवाज क्षीण होतो, पापण्या जड होतात, दूध ओढायची ताकद कमी होते, मान लुळी पडते. हे दिसायला काही दिवसांपासून महिनाभरही लागू शकतो, म्हणून वाढदिवसाच्या केकची तोवर कुणाला आठवणही राहत नाही. आजार क्वचित होतो, पण झाला तर श्वासापर्यंत जातो. ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं आणि मध दिला असेल तर आठवणीने सांगायचं.

‘‘पण केक भाजला जातोच की,’’ असं ताई म्हणाल्या. केकचं पोट भट्टीत जेमतेम शंभर अंशांपर्यंत तापतं. हे बीजाणू मारायला दाबाखाली १२१ अंशांची वाफ लागते. म्हणून मध शिजवला, भाजला, उकळला तरी या वयात चालत नाही. आमच्या भाचीला वर्ष पूर्ण व्हायला चार दिवस होते, आणि पाहुण्यांत एक पाच महिन्यांचं बाळही होतं. त्यामुळे केक, सरबत, चिक्की, कशातच मध नको, असं ठरलं.

शेवटी केक घरीच केला. बारा मऊ खजूर बिया काढून अर्धा कप गरम दुधात तासभर भिजवले आणि गुळगुळीत वाटले. वाटण चाळणीतून काढलं, कारण राहिलेला बियांचा तुकडा तिथेच सापडतो. त्यात दोन पिकलेली केळी कुस्करली, अर्धा कप दही आणि पाव कप तेल घातलं. दीड कप कणीक, एक चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा चाळून मिसळला. सात इंची भांड्यात १८० अंशांवर साधारण चाळीस मिनिटं लागली. वर क्रीमऐवजी चक्का लावला, त्यात दोन चमचे खजुराचं वाटण. चांदीचे गोळे, रंगीत गोळ्या, सुकामेवा, चेरी काहीच नाही. हा केक ओलसर राहतो, ते महत्त्वाचं. कोरडा भुगा बाळाच्या टाळूला चिकटतो. दूध, गहू, अंडं यांपैकी जे बाळाने आधी खाल्लेलं नाही, त्याची पहिली चव समारंभाच्या गर्दीत देऊ नये. अंगावर गांधी उठल्या तर कशाने उठल्या हे कळत नाही.

खरी गडबड बाळाच्या ताटात नसतेच, मोठ्यांच्या ताटात असते. वर्षाच्या बाळाची श्वासनलिका साधारण त्याच्या करंगळीएवढी असते. पुढचे दात चावा घेतात, पण दळायच्या दाढा अजून यायच्या असतात. म्हणजे शेंगदाणा तोंडात तुटतो, दळला जात नाही. गोल, कडक, गुळगुळीत किंवा चिकट असं काहीही अडकू शकतं: फुटाणे, डाळिंबाचे दाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराचा तुकडा, जेली, चीजचा चौकोन, सीताफळाची बी. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा, शेंगा ओततो, तेव्हा हेच सगळं त्याच्या हाताशी येतं. वाढदिवसाला ते भेळेच्या रूपाने येतं.

आम्ही भेळ रद्द केली नाही, तिची उंची बदलली. मोठ्यांचा फराळ स्वयंपाकघराच्या ओट्यावर, खायचा तो उभ्याने तिथेच. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर फक्त मुलांचं खाणं: मऊ इडलीच्या लांब फोडी सांबाराच्या पाण्यात भिजवलेल्या, वाफवलेल्या रताळ्याचे बोटाएवढे तुकडे, मऊ खिचडी, बिया काढलेलं कलिंगड. तुकडा बोटांत दाबल्यावर सहज चेचला गेला, तरच ताटलीत. द्राक्षं द्यायचीच तर उभी चार फाकांत चिरून, आडवी नाही. आडव्या कापलेल्या अर्ध्या द्राक्षाची चकती नळीला झाकणासारखी बसते. बाळ बसून खाईल, आणि त्याला भरवेल फक्त आई किंवा आजी. हे पाहुण्यांना दारातच सांगितलं, ‘‘घास भरवू नका, हात धुऊन खुशाल घ्या.’’ कुणालाच वाईट वाटलं नाही. फुगे भिंतीवर उंच लावले. फुटलेल्या फुग्याचं रबर घशावर घट्ट बसतं, म्हणून तुकडे उचलायचं काम दहा वर्षांच्या भाच्याकडे होतं.

तरीही एक क्षण आला. रताळं खाताना भाची लाल झाली, खोकली, उमासा आला. तीन हात पुढे आले, एकाने तिच्या तोंडात बोट घालायला घेतलं. मी थांबवलं. खोकल्याचा, रडण्याचा आवाज येतोय तोवर हवा जातेय. बाळ स्वतःच घास बाहेर काढतं, आणि तिने काढला. आवाज बंद होणं हे धोक्याचं चिन्ह. तोंड उघडं, रडणं नाही, ओठ निळसर. तेव्हा वर बघायला लावणं, पाणी पाजणं, न दिसणारा घास बोटाने शोधणं, हे करायचं नाही. बोटाने घास आणखी खोल जातो. एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने काम सुरू करायचं.

वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, मान आधारावर. दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच ठोसे. मग उताणं करून छातीच्या मध्यावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, पाच दाब. घास निघेपर्यंत आलटून पालटून. वर्षावरच्या मुलाला पाठीवर पाच ठोसे, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली पोटावर आत आणि वर असे पाच दाब. लहान बाळाच्या पोटावर हा दाब देत नाहीत, त्याच्या यकृताला इजा होऊ शकते. बाळ निपचित झालं तर लगेच छातीदाब आणि श्वास सुरू करायचे. हे वाचून हाताला येत नाही. समारंभाआधी कुणीतरी एकाने प्रथमोपचाराच्या वर्गात पुतळ्यावर शिकून घ्यावं. आमच्याकडे ते मी केलं होतं.

एक गोष्ट नंतरच्या दिवसांची. ठसका लागून थांबला आणि बाळ खेळू लागलं, तरी पुढे न जाणारा खोकला किंवा छातीतून घरघर राहिली, तर शेंगदाण्याचा तुकडा खाली उतरून श्वासनळीच्या फांदीत बसलेला असू शकतो. एक्स-रेमध्ये तो दिसेलच असं नाही. डॉक्टरांना ठसक्याची गोष्ट सांगितली तरच दुर्बिणीने बघायचा विचार होतो.

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून सतरंजीखालून, सोफ्याखालून हात फिरवला. एका पाहुण्याच्या खिशातून पडलेले चार फुटाणे, फुग्याचा लाल तुकडा आणि एक शेंगदाणा मिळाला. ओट्यावरची भेळ तिथवर आलीच होती. बहिणीने तो शेंगदाणा तळहातावर घेतला, झोपलेल्या लेकीच्या करंगळीशेजारी धरून बघितला आणि केराच्या डब्यात टाकला. मग आम्ही खोली पुन्हा एकदा झाडली.